आठ आणि पाच किती? फासा, पत्ते आणि दहाची जोडी

(प्राथमिक शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज मी सोबत फार काही आणलेलं नाही. दोन फासे, पत्त्यांचा एक कॅट, मूठभर चिंचोके आणि खडू. एवढ्यावरच बोलणार आहे. विषयाचं नाव मोठं आहे, पण मी एकाच ठिकाणी थांबणार आहे. आठ आणि पाच किती, या प्रश्नापाशी.

दुसरी-तिसरीतल्या गणिताला घाबरणाऱ्या मुलाला हा प्रश्न विचारा आणि उत्तराकडे नाही, त्याच्या हाताकडे बघा. हात बहुतेक वेळा बाकाखाली जातो. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागतो. तिसरीतली एक मुलगी आठ आणि पाचाचं उत्तर बारा सांगायची. सहा आणि सात बारा. नऊ आणि चार बारा. आता कुणी म्हणेल, हिला बारा आवडतं. (हशा) पण नीट पाहिलं तर तीनही उत्तरं बरोबर एकाने कमी आहेत. ती पाच पेरं मोजते ती अशी: आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. पहिल्या पेरावर ती आठच म्हणते, म्हणजे जिथे उभी आहे तेच घर पहिलं म्हणून मोजते. उत्तर दर वेळी एकाने कमी येत असेल, तर मूल अंदाज करत नाहीये. ते अगदी नियमाने मोजतंय, फक्त सुरुवात एक पाऊल मागे आहे. हे ज्यांना दिसत नाही ते म्हणतात, 'लक्ष नाही', आणि आणखी वीस गणितं घालतात. मग ती मुलगी तेच चुकीचं मोजणं वीस वेळा पक्कं करते.

हीच चूक सापशिडीत उघड दिसते, म्हणून मी नव्या मुलाबरोबर आधी सापशिडीच खेळतो. सोंगटी चोविसावर आहे, फासा पडला चार. काही मुलं चोविसाच्या घरावर बोट ठेवून 'एक' म्हणतात आणि सत्ताविसावर थांबतात. समोरचा ओरडतो, 'ए, एक घर कमी चाललास!' इथे चूक दुरुस्त होते ती खेळाच्या नियमाने, कुणाच्या लाल पेनाने नाही. त्यामुळे मुलाला ती झोंबत नाही.

सापशिडीत आणखी एक गोष्ट बदलायची. सोंगटी सरकवताना आपण सगळेच 'एक, दोन, तीन, चार' म्हणतो. त्याऐवजी घरात लिहिलेला आकडा मोठ्याने म्हणायचा: 'पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस'. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली लहान मुलांना एक ते दहा घरांचा सरळ पट खेळायला दिला. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, बस्स. आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांना संख्यांचा लहान-मोठेपणा अधिक चांगला कळू लागला. तशाच पण नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्यांत तो फरक दिसला नाही. पुढे एलिडा लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये शंभर घरांचा पट घेऊन पाहिलं. जी मुलं घरातला आकडा म्हणत पुढे गेली ती शिकली, आणि जी दर खेपेला एकपासून मोजत गेली त्यांना तेवढा फायदा झाला नाही. पट तोच, फासाही तोच. फक्त तोंडाने काय म्हणायचं ते बदललं.

मराठीत यात एक अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. मूल सदुसष्ट, अडुसष्ट म्हणतं आणि एकोणसत्तरला अडखळतं. पटावर दिसतोय सहा आणि नऊ, आणि तोंडात येतंय सत्तर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात अशा संख्यांचं 'साठ नऊ' पद्धतीचं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. तो वाद आज मी इथे उकरत नाही. पटावर मात्र मी मुलांना दोन्ही म्हणू देतो, 'साठ नऊ, एकोणसत्तर'. जीभ अडते म्हणून डोकं अडायला नको.

आता सापशिडीने मोजणं सुधारतं, पण मोजणं सुटत नाही. आणि आपल्याला शेवटी ते सोडवायचंय. जो आठ आणि पाच पेरांवर मोजतो, तो बरोबर मोजला तरी हळूच राहणार. वर्गात कुणीतरी त्याच्या आधी 'तेरा!' म्हणून ओरडणार. तो ओरडा ऐकला की हातातलं मोजणं तुटतं, आणि पुन्हा आठपासून सुरुवात. भीती तिथे बसते. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये हे मोठ्या मुलांवर, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर तपासलं होतं. तोंडी बेरीज करता करता काही अक्षरंही लक्षात ठेवायची, असं काम दिलं. गणिताची धास्ती असलेले विद्यार्थी हातच्याच्या बेरजांमध्ये फार घसरले. मनात तात्पुरतं धरून ठेवायची जागा थोडीच असते, आणि तिच्यातला बराचसा भाग काळजीच व्यापून बसते. पेरं मोजणाऱ्या मुलाला तर ती सगळी जागा हवी असते: कुठून निघालो, किती झाले, किती राहिले.

म्हणून खेळ निवडताना माझे दोनच निकष असतात. एक, खेळात घाईचं बक्षीस नको. दोन, खेळ असा हवा की मोजून भागणार नाही, दहा करावेच लागतील.

पहिल्या निकषावर बाजारातले आणि शाळेतले कितीतरी खेळ बाद होतात. 'जो आधी सांगेल त्याचा पत्ता' या नियमाने खेळून बघा. चार मुलांत एकच सगळे पत्ते नेतो. तिसऱ्या-चौथ्या डावापासून सगळ्यात कच्चं मूल पत्त्यांकडे बघतच नाही, ते त्या हुशार मुलाच्या तोंडाकडे बघतं. ही खूण लक्षात ठेवा. नजर पत्त्यावरून उठून दुसऱ्याच्या तोंडावर गेली की खेळ त्या मुलापुरता संपला. माझ्याकडे नियम असा आहे की पाळी ज्याची, उत्तर त्याचं. मध्ये कुणी बोललं, तर बोलणाऱ्याची एक जोडी परत टेबलावर. हा नियम एकदा अंमलात आणला की दुसऱ्यांदा गरज पडत नाही.

दुसऱ्या निकषावर दोन फाशांची साधी बेरीज बाद होते, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. दोन फासे टाकल्यावर एकूण ३६ प्रकारे पडू शकतात. त्यात बेरीज दहाच्या पुढे जाते ती फक्त तीनदा: पाच-सहा, सहा-पाच आणि सहा-सहा. म्हणजे मूल तासभर फासे टाकत बसलं, तरी जिथे त्याचं घोडं अडतं तिथे ते क्वचितच पोचतं. ते सहा-एक, चार-तीन असंच करत राहतं. वाईट नाही, पण आठ आणि पाच त्यातून कधीच येत नाही. एका फाशावर आठ असतच नाही.

तर मी काय करतो ते सांगतो. दोन खेळ आहेत, याच क्रमाने.

पहिला, दहाची जोडी. कॅटमधून राजा, राणी, गुलाम आणि चारही दश्श्या काढून ठेवायच्या. जोकरही. उरल्या एक्क्यापासून नव्वीपर्यंतच्या ३६ पानांत एक्का म्हणजे एक. पिसून नऊ पानं उघडी मांडायची, बाकीची गड्डी पालथी. ज्याची पाळी त्याने दहा होणारी दोन पानं उचलायची आणि मोठ्याने म्हणायचं, 'सत्ती-तिर्री दहा'. उचललेल्यांच्या जागी गड्डीतली दोन नवी पानं. जोडी दिसत नसेल किंवा नसेलच, तर एक पान जास्त मांडायचं आणि पाळी पुढे. बदाम की इस्पिक याला काही किंमत नाही.

सुरुवातीला मुलाने पानावरच्या बदाम-किलवराच्या खुणा मोजल्या तर मोजू द्या. पत्त्याची हीच तर गंमत आहे की आकडाही आहे आणि तेवढ्या खुणाही आहेत. फक्त पंजी-पंजी, नव्वी-एक्का या जोड्या आधी पाठ होतात, आणि सत्ती-तिर्री, छक्की-चव्वी मागून येतात. कुठली जोडी मागे राहिली ते टेबलावर दिसतं. मूल दोन-तीन पाळ्या छक्की-चव्वी समोर असून बघत नाही, नव्वी आली की झडप घालतं.

आता या खेळाचा मला सगळ्यात आवडणारा भाग. डाव संपतो तेव्हा टेबलावर एकही पान उरता कामा नये. चार नव्व्या चार एक्क्यांना, चार अठ्ठ्या चार दुर्र्यांना, आणि तसंच पुढे. पंज्या आपापसात. एकूण अठरा जोड्या. जर शेवटी पानं उरली, तर कुणीतरी कुठेतरी चुकलंय. समजा शेवटी एक सत्ती आणि एक चव्वी उरली. सत्तीची जोडीदार तिर्री, चव्वीची जोडीदार छक्की. मग तिर्री आणि छक्की कुठे गेल्या? कुणीतरी त्या दोघींची जोडी लावली, तीन आणि सहा दहा म्हणून. आपापल्या ढिगात शोधा, सापडेलच. मुलांना हे गुन्हेगार शोधण्यासारखं वाटतं. चूक कुणी केली यापेक्षा ती कुठली होती, याचंच कुतूहल असतं. कुठल्याही वहीत चूक स्वतःचा पत्ता असा सांगत नाही. एकाहून जास्त चुका झाल्या तर एवढं सरळ उलगडत नाही हे खरं, पण पानं उरली हे तरी कळतंच.

दहाच्या जोड्या न अडखळता येऊ लागल्या की दुसरा खेळ. याला मुलंच 'वरचे' म्हणायला लागली, तेच नाव राहिलं.

आता कॅटमधल्या फक्त छक्क्या, सत्त्या, अठ्ठ्या आणि नव्व्या घ्यायच्या. सोळा पानं, पालथी. आणि एक फासा. ज्याची पाळी त्याने वरचं पान उलटायचं आणि फासा टाकायचा. दोन्ही मिळून दहाच्या वर जितके जातील तितके गुण. आठ आणि पाच, तर तीन गुण. नऊ आणि सहा, तर पाच. दहाच्या आत राहिलं तर काही नाही. बरोबर दहा झाले तर आणखी एक पाळी. पानं संपली की पुन्हा पिसायची. वीस गुण आधी करेल तो जिंकला. साधारण बारा-पंधरा पाळ्यांत डाव आटपतो.

यात काय केलंय ते बघा. मी बेरीज विचारलेलीच नाही. मी फक्त वरचे किती तेवढं विचारलं. पेरांवर मोजून तेरा आले तरी मुलाला त्यातून दहा वजा करावे लागतात, म्हणजे काम वाढलं. त्यापेक्षा आठाला दोन हवेत, पाचातून दोन दिले, तीन उरले, हा रस्ता जवळचा आहे. मुलं आळशी असतात, चांगल्या अर्थाने. जवळचा रस्ता त्यांना न सांगता सापडतो. आणि फाशा-पत्त्याच्या एकूण २४ जोड्यांपैकी १४ वेळा बेरीज दहाच्या पुढे जाते, ४ वेळा बरोबर दहावर येते. दोन फाशांच्या मानाने किती फरक पडला पाहा.

ज्यांना नाही सापडत त्यांच्यासाठी खडू आणि चिंचोके. फरशीवर दहा चौकोन काढायचे, पाचाच्या दोन ओळी. त्या तिसरीतल्या मुलीचंच सांगतो. अठ्ठी आली, तिने आठ चिंचोके ठेवले, वरची ओळ भरून, खाली तीन. फासा पाच. पाच चिंचोके हातात घेतले.

'किती घरं रिकामी आहेत?'

'दोन.'

'भर.'

भरली. मूठ उघडली, तीन.

'म्हणजे तीन गुण?' तिनेच विचारलं. आणि मग जरा थांबून, 'आणि सगळे मिळून दहा आणि तीन... तेरा. बारा नाही?'

मी काही बोललो नाही. तिने पुन्हा चौकोन मोजले, दहा. मूठ पाहिली, तीन. बारा तिथेच सुटलं.

चिंचोके किती दिवस वापरायचे? मी आठवड्याभरात ते हळूहळू काढून घेतो. आधी चौकोन तसेच ठेवून चिंचोके बंद, फक्त बघायचं. मग चौकोनांवर वर्तमानपत्र टाकायचं. मूल वर्तमानपत्राकडे बघून उत्तर देतं, खालचे चौकोन त्याला दिसत असतात. ते बघायला फार मजा येते. घाईने हे टप्पे गाळू नका. चौकोन काढून घेतल्यावर अंगठा पुन्हा पेरांवर सरकला, तर दोन दिवस मागे जायचं.

आता, मूल मोजायचं थांबलं हे कसं ओळखायचं? मुलं फार हुशार असतात, पेरं मोजणं बंद करून मनातल्या मनात मोजतात, जिभेने दातांवर मोजतात. त्याला एक सोपी कसोटी आहे. नऊ आणि दोन विचारा, जरा वेळाने नऊ आणि सहा विचारा. मोजणाऱ्याला दुसऱ्याला स्पष्टपणे जास्त वेळ लागतो, कारण दोन पावलं आणि सहा पावलं यात फरक आहे. दहा करणाऱ्याला दोन्हींना साधारण सारखाच वेळ लागतो, एक द्यायचा आणि उरलेले सांगायचे. घड्याळ लावू नका, कानाला कळतं. आपण ज्याला पटकन गणित करणं म्हणतो तो वेग असा येतो. मागून, आपोआप. आधी वेग मागितला तर मूल जलद मोजायला शिकतं, आणि जलद मोजताना पुन्हा तो पहिल्या पेराचा घोळ होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. 'वरचे' जमलं की तोच खेळ मोठ्या संख्येवर न्यायचा. अठ्ठीच्या डावीकडे एक दुर्री ठेवली की अठ्ठावीस. फासा पाच. दोन देऊन तीस, वर तीन, तेहतीस. मुलांना इथे धक्का बसतो की हे आधीचंच आहे. आठाला दोनच लागतात, त्याच्या मागे वीस असो की सत्तर. वजाबाकीलाही हाच रस्ता उलटा चालतो, पण तो आधीच सुरू करू नका.

पाढ्यांना मात्र हे खेळ फारसे उपयोगी नाहीत, हे स्पष्ट सांगतो. लोक दोन पानांचा गुणाकार करायला लावतात. ज्याला सात आठे येत नाही त्याच्यापुढे सत्ती आणि अठ्ठी उलटून ठेवली तर तो काय करणार? तो फक्त पुन्हा सगळ्यांसमोर गप्प बसणार. बेरजेत दहापाशी थांबून उरलेलं देता येतं, म्हणून तिथे पत्ते शिकवतात. गुणाकाराला असा थांबा वेगळा शोधावा लागतो, तो पुन्हा कधीतरी.

आणि एक मर्यादा. फाशावरचे तीन ठिपके आपण मोजत नाही, बघतो. बहुतेक मुलंही बघतात. पण दुसरी-तिसरीतलं मूल महिनाभर रोज खेळूनही तीन ठिपके बोटाने एक-एक करून मोजत असेल, किंवा सात मोठे की पाच यात गोंधळत असेल, तर तो भीतीचा प्रश्न नसू शकतो. तिथे आणखी खेळ लादू नयेत, अध्ययन अक्षमता तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे न्यावं. आधी नजर आणि कानही तपासून घ्यावेत.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातले दोन प्रश्न इथे दिले आहेत.)

एका आजींनी विचारलं की नातवाला मुद्दाम जिंकू द्यावं का.

नको, आजी. त्यांना लगेच कळतं. आणि 'वरचे' खेळात गरजच पडत नाही. पान आणि फासा दोन्ही नशिबाचे, त्यामुळे तुम्ही आणि तो जवळजवळ बरोबरीला. गणित येणाऱ्याला नशीब जास्त मिळत नाही. तुम्हाला मदत करायचीच असेल, तर तुमच्या पाळीला तुम्ही मोठ्याने बोलत विचार करा, 'सत्तीला तीन हवेत, चारातले तीन दिले, एक उरला'. सांगू नका त्याला, स्वतःशी बोला. तो ऐकतोच. मात्र तुम्ही मुद्दाम चुकू नका. खरंच चुकलात तर त्याला धरू द्या.

एका शिक्षिकेने विचारलं की शाळेत पत्ते आणलेले पालकांना चालत नाहीत, जुगार म्हणतात.

हो, गावोगाव हा प्रश्न येतो, आणि वाद घालण्यात वेळ घालवू नये. जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, बाई. जाड कागद असतो, मागची बाजू बऱ्याचदा कोरी असते. एका पत्रिकेची चार-सहा पानं होतात. प्रत्येकावर आकडा लिहा आणि त्याखाली तेवढे ठिपके काढा, पाच-पाचाच्या ओळींत. सहा म्हणजे वर पाच, खाली एक. खरं सांगू का, बदाम-इस्पिकाच्या पानावर सहाची मांडणी तीन-तीन अशी असते, पाच आणि एक दिसत नाही. तुमच्या लग्नपत्रिकेवर ते थेट चौकोनांसारखं दिसेल. चारही संच मुलांकडूनच करून घ्या. काढताना ते ठिपके मोजतात, तेही कामाचंच. फक्त पाठीमागून छापील नावं वेगवेगळी दिसली तर मुलं पानं ओळखायला लागतात, तेव्हा सगळ्यांवर एकाच रंगाचा कागद चिकटवा.